फोटोतला माणूस गेला, फोटो काढणारा आहे

२१ एप्रिल २०१६ रोजी अमेरिकी गायक प्रिन्स गेला. काँडे नास्ट या प्रकाशनसंस्थेने त्याच्या आठवणीत खास अंक काढला आणि मुखपृष्ठावर अँडी वॉरहॉलने केलेलं त्याचं नारिंगी चित्र छापलं. त्याबद्दल वॉरहॉल फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले. ज्या फोटोवरून ते चित्र झालं, तो काढणाऱ्या लिन गोल्डस्मिथ यांना ना पैसे मिळाले, ना अंकात त्यांचं नाव आलं.

फोटो १९८१ सालचा. गोल्डस्मिथनी प्रिन्सला स्टुडिओत बसवलं, त्याच्या चेहऱ्यावर थोडा मेकअप केला, डोळ्यांत उजेडाचे बारीक ठिपके उमटतील अशी प्रकाशयोजना केली. १९८४ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'ने ४०० डॉलर देऊन तो चित्रासाठी संदर्भ म्हणून घेतला, तोही एकदाच वापरायच्या अटीवर. वॉरहॉलने मात्र त्यावरून सोळा कलाकृती केल्या. गोल्डस्मिथना हे कळलं प्रिन्सच्या मृत्यूनंतर, तो अंक पाहून.

वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल गोल्डस्मिथच्या बाजूने लागला. वॉरहॉलने खांदे-छाती कापून फक्त डोकं ठेवलं होतं, रंग चढवले होते. पण फोटो काय आणि चित्र काय, दोन्ही प्रिन्सवरच्या मजकुरासोबत मासिकात छापण्यासाठीच वापरले गेले, असं बहुमताचं म्हणणं पडलं. निकाल त्या मुखपृष्ठापुरता होता. मूळ चित्रं करणं किंवा दालनात मांडणं याबद्दल न्यायालयाने मत दिलं नाही.

मला हा निकाल पटतो. आवडता माणूस गेला की चित्रकार शेकडो फोटोंतून नेमका एकच उचलतो, कारण त्यात तो माणूस त्याला भेटतो. ती भेट घडवलेली असते फोटोग्राफरने: कोन, उजेड आणि क्षण निवडून. चेहरा कुणाच्या मालकीचा नसतो, ही निवड असते. तिचं श्रेय गाळलं, की चित्रातला आदर मला तिथेच संपलेला दिसतो.

चित्र कितपत उसनं आहे, हे ओळखता येतं. ते फोटोवर ठेवून पाहावं. नाकाखालची सावली, कपाळावरची बट, बुबुळातला ठिपका जागच्या जागी जुळला, तर रंग कितीही बदला, चित्र त्या फोटोचंच. चार-पाच वेगळे फोटो पाहून चेहऱ्याची ठेवण समजून घेतली आणि उजेड स्वतः ठरवला, तर या खुणा जुळत नाहीत. वेळ जास्त लागतो आणि साम्य हुकण्याची भीतीही असते. एकच फोटो हवा असेल, तर परवानगी मागावी.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. फोटोतली व्यक्ती गेली म्हणून तो संपत नाही. घरच्यांनी पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला फोटो असेल, तर तो हक्क सहसा त्यांचा. तेव्हा परवानगी त्यांच्याकडेच मागायची.