डाव न्याय्य आहे काय?

पत्त्यांचा एखादा नवा डाव दोन्ही खेळाडूंस सारखीच संधी देतो की नाही, हे कसे ओळखावे? एक अगदी साधा डाव घेऊ. ५२ पानांच्या कॅटमधून दोघांनी एकेक पान उचलावयाचे. मोठे पान जिंकेल, आणि दोन्ही पाने समान निघाल्यास पहिला खेळाडू जिंकेल. समजा, १०० डावांपैकी पहिल्याने ५३ जिंकले. हा दोष नियमाचा म्हणावा की दैवाचा? काहीच सांगता येत नाही. १०० डावांत दहापर्यंतचा चढउतार निव्वळ योगायोगानेही घडतो.

म्हणून संगणकाकडून, दर वेळी पाने नव्याने पिसून, १०,००० डाव खेळवून घेतात. डाव शंभरपट झाले, तरी योगायोगाचा चढउतार दहापटच वाढतो. तो १००च्या आसपास राहतो. आता पहिल्याचे विजय ५,३००च्या जवळ आले, तर नियमच पक्षपाती आहे. गणितही तेच सांगते : समान पाने निघण्याची शक्यता १७त १, म्हणून पहिल्याचा वाटा १७त ९.

गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांस ही युक्ती १९४६ साली, आजारातून उठताना, एकट्याने पत्ते खेळत असता सुचली.

मात्र जेथे कोणते पान टाकावे हे खेळाडू ठरवितो, तेथे संगणकाने वाटेल ते पान टाकल्यास चतुराईने वापरावयाचे पान उगाच दुबळे भासते. तेथे दोघांस खेळण्याची एकच चांगली रीत द्यावी आणि मगच निवाडा करावा.