कोणत्या कार्बनला किती हायड्रोजन? डेप्ट वर्णपटाचे वाचन

कार्बन एनएमआरच्या वर्णपटात रेणूतील प्रत्येक वेगळ्या परिसरातल्या कार्बनचे एक शिखर उमटते. हायड्रोजनच्या प्रभावाने ते शिखर अनेक फाट्यांत विभागले जाऊ नये म्हणून नोंद घेताना हायड्रोजनची जोडणी मुद्दाम तोडलेली असते. त्यामुळे चित्र स्वच्छ येते, पण कोणत्या कार्बनवर किती हायड्रोजन आहेत ही माहितीही त्याबरोबर जाते. शिखराची जागा थोडा अंदाज देते, एवढेच.

ही माहिती परत मिळवण्याची सोपी रीत म्हणजे डेप्ट. डॉड्रेल, पेग आणि बेंडॉल यांनी ती १९८२ मध्ये मांडली. यात चुंबकीय संकेत आधी हायड्रोजनमध्ये निर्माण होतो आणि तिथून त्याला चिकटलेल्या कार्बनकडे जातो. म्हणून ज्या कार्बनला हायड्रोजनच नाही, तो डेप्टमध्ये दिसतच नाही. हायड्रोजनवरच्या शेवटच्या स्पंदाचा कोन ९० अंश ठेवला तर फक्त मिथाइन, म्हणजे एक हायड्रोजन असलेले कार्बन उरतात. कोन १३५ अंश केला की मिथाइन आणि मिथाइल वर, तर मिथिलीन खाली दिसतात. काही प्रयोगशाळांत वर्णपट उलटा छापतात, म्हणून वर-खालीचा संकेत आधी तपासून घ्यावा.

एक अज्ञात पांढरा स्फटिकी पदार्थ घेऊ. वस्तुमान वर्णपटावरून त्याचे सूत्र C₁₀H₂₀O ठरले आहे. साध्या कार्बन वर्णपटात दहा शिखरे आहेत: ७१.५, ५०.१, ४५.०, ३४.५, ३१.६, २५.८, २३.१, २२.२, २१.० आणि १६.१ पीपीएम. शिवाय ७७ च्या आसपास तीन समान रेघा दिसतात. त्या ड्युटेरोक्लोरोफॉर्म या द्रावकाच्या असून डेप्टमध्ये नाहीशा होतात. कार्बन दहा आणि शिखरेही दहा, म्हणजे प्रत्येक कार्बन वेगळा आहे.

डेप्ट-१३५ मध्ये दहाही शिखरे टिकतात, तेव्हा हायड्रोजन नसलेला कार्बन एकही नाही. त्यांपैकी ४५.०, ३४.५ आणि २३.१ खाली आहेत. हे तीन मिथिलीन. डेप्ट-९० मध्ये ७१.५, ५०.१, ३१.६ आणि २५.८ एवढीच शिखरे येतात. हे चार मिथाइन. वर असलेल्या सातांतून हे चार वजा केले की २२.२, २१.० आणि १६.१ हे तीन मिथाइल उरतात. खरा लाभ २१ ते २६ पीपीएमच्या गर्दीत कळतो: तिथे शेजारी शेजारी बसलेले मिथाइल, मिथिलीन आणि मिथाइन केवळ जागेवरून कोणीही खात्रीने वेगळे करू शकले नसते.

आता हायड्रोजन मोजावेत. तीन मिथाइलचे नऊ, तीन मिथिलीनचे सहा, चार मिथाइनचे चार, मिळून एकोणीस. सूत्रात वीस आहेत. उरलेला एक कार्बनवर नाही, तर ऑक्सिजनवर आहे, म्हणजे हे अल्कोहोल आहे. ७१.५ चे मिथाइन त्याच ऑक्सिजनला जोडलेले. सूत्रावरून एक वलय किंवा एक दुहेरी बंध असायला हवा, पण १०० पीपीएमच्या पुढे एकही शिखर नसल्याने वलयच उरते. हा पदार्थ पुदिन्याच्या तेलातला मेन्थॉल. मात्र डेप्ट फक्त मोजणी करून देते. कोणता कार्बन कोणाला जोडला आहे, हे ठरवायला पुढचे प्रयोग लागतात.

डेप्ट-९० मध्ये कधी कधी मिथाइल-मिथिलीनची बारीक शिखरे डोकावतात. स्पंदाची लांबी नीट जुळवलेली नसली, की असे होते. खऱ्या मिथाइनच्या तुलनेत ती फारच बुटकी असतात, यावरून ती ओळखता येतात.

मोठा घोटाळा सममितीमुळे होतो. ओव्याच्या तेलातल्या थायमॉलचे सूत्र C₁₀H₁₄O, पण साध्या वर्णपटात शिखरे नऊच. डेप्ट-१३५ मध्ये त्यांपैकी १५२.६, १३६.६ आणि १३१.३ ची शिखरे जातात. उरलेली सहाही वर आहेत, म्हणजे मिथिलीन नाही. डेप्ट-९० चार मिथाइन दाखवते, म्हणून मिथाइलची शिखरे दोन. या हिशोबात हायड्रोजन दहा होतात, आणि ऑक्सिजनवरचा एक धरला तरी अकराच. सूत्राच्या मानाने एक कार्बन आणि तीन हायड्रोजन कमी पडतात, म्हणजे नेमका एक मिथाइल. २२.७ पीपीएमचे शिखर दुसऱ्या मिथाइलच्या सुमारे दुप्पट उंच आहे. आयसोप्रोपिल गटाचे दोन सारखे मिथाइल त्या एकाच जागी आले आहेत. मेन्थॉलमध्येही असाच गट आहे, पण तिथे शेजारच्या असममित कार्बनांमुळे ते दोन मिथाइल २१.० आणि १६.१ असे वेगवेगळे दिसतात.