सीलचे फोटो जोडा, सुनावणी मागा

मीटरमध्ये फेरफार केल्याची नोटीस आली, की दुकानदाराने आधी कलम पाहावे. वीज कायदा, 2003 चे कलम 135 असेल तर तो चोरीचा फौजदारी आरोप, वकील गाठावा. कलम 126 खालच्या तात्पुरत्या आकारणीवर मात्र लेखी हरकत घेऊन सुनावणी मागता येते. अंतिम आदेश 30 दिवसांत निघायचा असतो, म्हणून उत्तर लगेच द्यावे.

सीलला हात न लावता फोटो काढावेत: एक पूर्ण मीटरचा, दुसरा सीलवरचा क्रमांक वाचता येईल असा. तो क्रमांक मीटर बसवतानाच्या अहवालाशी जुळत असेल, तर उत्तरात तसे लिहावे. आतली छेडछाड फोटोत दिसत नाही. म्हणून आपल्यासमोर प्रयोगशाळेत तपासणी मागावी. उत्तराच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.