बलयुग्माचे परिबल: बिंदू कुठलाही घ्या, उत्तर एकच

एकाच वस्तूवर दोन सारखी बले परस्परांविरुद्ध दिशांनी, पण एका रेषेत न येता समांतर रेषांवर लागली, तर त्या जोडीला बलयुग्म म्हणतात. दोन्ही बलांची बेरीज शून्य असल्याने वस्तू एकूण कुठेही ढकलली जात नाही. तिला फक्त वळण मिळते. या निव्वळ वळवण्याच्या परिणामालाच शुद्ध टॉर्क म्हणतात. ल्वी पॉन्सो या फ्रेंच गणितज्ञाने 1803 साली स्थितिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात बलयुग्माला स्वतंत्र राशीचा दर्जा दिला.

एकट्या बलाचे परिबल काढताना आधी एक बिंदू ठरवावा लागतो. बलाच्या रेषेपासून त्या बिंदूचे लंब अंतर मोजायचे आणि त्याने बलाला गुणायचे. बिंदू हलवला की अंतर बदलते आणि उत्तरही बदलते. बलयुग्माच्या बाबतीत मात्र ते बदलत नाही. मोटारीच्या चाकाचा नट सोडवण्याचा चार टोकांचा पाना घेऊन हे पडताळता येते.

पान्याचा एक दांडा आडवा धरला आहे आणि त्याच्या दोन टोकांमध्ये 40 सेंटिमीटर, म्हणजे 0.4 मीटर अंतर आहे असे समजू. डावा हात खाली दाबतो, उजवा वर ओढतो. प्रत्येकाचे बल 200 न्यूटन, म्हणजे साधारण 20 किलोच्या वजनाइतके. नटाच्या मध्यापासून प्रत्येक हात 0.2 मीटरवर आहे. दोघांचे परिबल 40-40 न्यूटन-मीटर आणि दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणून एकूण 80. आता बिंदू डाव्या टोकाशी घेतला तर डाव्या हाताचे परिबल शून्य होते, पण उजवा हात 0.4 मीटरवर जातो आणि तो एकटाच 80 देतो. बिंदू पान्याच्या पार बाहेर, उजव्या टोकापलीकडे एक मीटरवर घेऊ. डाव्या हाताचे अंतर 1.4 मीटर, परिबल 280. उजव्या हाताचे अंतर 1 मीटर, परिबल 200, पण आता उलट दिशेचे. वजाबाकी पुन्हा 80.

असे का होते, ते या शेवटच्या हिशेबात उघड दिसते. बिंदू जितका दूर नेला तितकी भर एका बलाच्या परिबलात पडते आणि नेमकी तितकीच भर विरुद्ध दिशेच्या परिबलातही पडते. दोन्ही भरी एकमेकींना खोडतात आणि मागे उरते ते फक्त बल गुणिले दोन रेषांमधले अंतर: 200 × 0.4. बिंदू वर किंवा खाली सरकवला तर या उभ्या बलरेषांपासूनची लंब अंतरे मुळी बदलतच नाहीत.

म्हणजे सगळी किमया बलांची बेरीज शून्य असण्यात आहे. उजव्या हाताचे बल 150 न्यूटनच असते, तर परिबल डाव्या टोकाशी 60, नटाच्या मध्याशी 70 आणि उजव्या टोकाशी 80 आले असते. बिंदू प्रत्येक वेळी 0.2 मीटर सरकतो आणि उरलेले 50 न्यूटनचे बल दर वेळी 10 न्यूटन-मीटरचा फरक पाडते. दोन-तीन वेगवेगळ्या बिंदूंपाशी उत्तर वेगळे येऊ लागले, तर समोर निव्वळ बलयुग्म नाही हे ओळखावे.

एका दांड्याच्या एल आकाराच्या पान्याने हा फरक हाताला जाणवतो. 0.4 मीटर लांबीच्या दांड्यावर एका हाताने 200 न्यूटन लावले, तरी नटाच्या मध्याभोवती 80 न्यूटन-मीटरच मिळतात. पण सोबत 200 न्यूटनचा आडपाडी रेटाही नटाला मिळतो. बोल्ट तितक्याच बलाने उलट रेटतो; हाताचे बल आणि बोल्टची ही प्रतिक्रिया मिळून बलयुग्म तयार होते. पाना नीट बसलेला नसेल तर याच रेट्याने तो तिरका होतो, निसटतो आणि नटाचे कोपरे झिजवतो. दोन्ही हातांनी सारखा जोर लावला की हा रेटा उरत नाही, आणि म्हणूनच चार टोकांचा पाना अधिक भरवशाचा.

उपग्रहाला तर बोल्टसारखा आधारच नसतो. त्याला वळवण्यासाठी आत बसवलेल्या चाकाचा वेग मोटरने वाढवला की उपग्रहाच्या सांगाड्यावर उलट दिशेचा शुद्ध टॉर्क येतो. हे चाक मध्यावर असो वा एका कोपऱ्यात, त्याच्या अक्षाची दिशा तीच असेल तर टॉर्क तोच राहतो आणि उपग्रह आपल्या वस्तुमानकेंद्राभोवतीच वळतो.

हे स्वातंत्र्य वस्तूच्या एकूण हालचालीपुरतेच आहे. लांब तुळईवर तेच बलयुग्म टोकाला लावले की मध्यावर, यावर तुळई कुठे आणि किती वाकेल हे ठरते. म्हणून तुळईचा आराखडा करताना बलयुग्माची जागा हिशेबात धरावीच लागते.