भागीदार निघतो तेव्हा त्याचं देणं किती?

पंखे आणि कूलरचं एक होलसेल दुकान धरू. भागीदार तीन, नफ्यातोट्याची वाटणी ५:३:२. सोयीसाठी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणू. ३१ मार्चच्या ताळेबंदात मधल्याचं भांडवल १२ लाख रुपये आहे. ३० जूनला तो वारला. दिवसकार्य आटोपल्यावर दोघे भागीदार त्याच्या घरी जातात, ताळेबंद पुढे ठेवतात आणि म्हणतात, ‘‘वहिनी, हे बारा लाख तुमचे. इथे सही करा.’’

दोघांच्या मनात पाप असेलच असं नाही. आकडाही खोटा नाही, पण तो अपुरा आहे. भांडवल ही हिशेबाची फक्त पहिली ओळ असते.

आधी कायद्याची बाजू. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे करारनाम्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढीच संपते. म्हणूनच बहुतेक करारनाम्यांत ‘उरलेले भागीदार धंदा चालू ठेवतील’ असं कलम असतं. भागीदार दोघंच असतील तर मात्र या कलमाचा उपयोग नाही. एकट्याची भागीदारी होत नाही, त्यामुळे पेढी मोडूनच हिशेब करावा लागतो. वारस आपोआप भागीदार होत नाहीत, पण गेलेल्या माणसाचं पेढीकडून जे येणं आहे त्यावर त्यांचा हक्क असतो. आपल्या उदाहरणात करारनाम्यात ते कलम आहे आणि दुकान चालू आहे.

आता येणं मोजू. पेढीच्या राखीव निधीत ५ लाख आहेत. तिघांना न वाटलेला हा नफाच असल्याने त्यातला ३/१० हिस्सा, म्हणजे दीड लाख, मधल्याचा. पुढची पायरी मालमत्तेच्या फेरमूल्यांकनाची. दुकानाची जागा वह्यांमध्ये जुन्या खरेदीच्या किमतीला आहे. आजच्या भावाने ती ७ लाखांनी जास्त भरते. न खपणारा जुना माल १ लाखाने आणि न वसूल होणारी उधारी आणखी १ लाखाने कमी धरली, तर निव्वळ वाढ ५ लाख उरते. त्यातलेही दीड लाख मधल्याचे. इथे एक गोष्ट तपासावी लागते: जागा खरोखर पेढीची आहे की एखाद्या भागीदाराने ती पेढीला नुसती वापरायला दिली आहे? दुसऱ्या प्रकारात ही वाढ हिशेबात येत नाही.

तिसरी बाब गुडविलची, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाच्या किमतीची. सगळ्यात जास्त वाद इथेच होतात, कारण ती ताळेबंदात दिसत नाही. पैसे मोजून विकत न घेतलेलं, धंद्यातून आपोआप तयार झालेलं गुडविल वह्यांमध्ये मालमत्ता म्हणून दाखवू नये असा हिशेबशास्त्राचा दंडक आहे. वह्यांत नाही म्हणजे अस्तित्वातच नाही, असा अर्थ मात्र काढता येत नाही. भागीदारी कायद्याचं कलम १४ गुडविलला पेढीची मालमत्ता मानतं. मुंबईतल्या एका भागीदारी पेढीच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. धंदा पुढे चालू राहिला तरी, करारात तसं स्पष्टपणे नाकारलेलं नसेल, तर मृत भागीदाराच्या वारसांना गुडविलमधला वाटा मिळायला हवा.

ही किंमत कशी काढतात? आपल्या दुकानाचा गेल्या तीन वर्षांचा नफा ८, १० आणि १४ लाख आहे. शेवटच्या वर्षात विम्याचे २ लाख एकदाच आले होते. असं उत्पन्न दरवर्षी येत नसल्याने ते वगळायचं. मग सरासरी १० लाखांची होते. करारनाम्यात ‘तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची दुप्पट’ असं लिहिलं असेल, तर गुडविल २० लाख आणि मधल्याचा वाटा ६ लाख.

दुसरी रीत जादा नफ्याची. पेढीत एकूण ५० लाख गुंतलेले आहेत: भांडवल ४०, राखीव ५ आणि फेरमूल्यांकनाचे ५. या धंद्यात साधारण १० टक्के परतावा धरला तर ५ लाख नफा कुणालाही झाला असता. त्यावरचे ५ लाख या दुकानाच्या नावाची कमाई. त्याची दुप्पट केली तर गुडविल १० लाख आणि वाटा ३ लाख. तिसऱ्या रीतीत विचारतात, १० टक्क्यांनी १० लाख मिळवायला किती भांडवल लागेल? १ कोटी. प्रत्यक्षात गुंतले ५० लाख, म्हणजे गुडविल ५० लाख आणि वाटा १५ लाख.

दुकान तेच, नफाही तोच, पण वाटा ३ लाखांपासून १५ लाखांपर्यंत कुठेही जातो. तिन्ही रीती मान्यताप्राप्त आहेत. त्यामुळे कोणती रीत, किती वर्षांचा नफा आणि किती पट, हे सगळे जण हयात आणि सलोख्यात असतानाच करारात लिहिलेलं असावं लागतं. आपल्या दुकानाच्या करारात पहिली रीत आहे असं धरू.

हे ६ लाख भरायचे कुणी? उरलेल्या दोघांनी, पण ज्याचा हिस्सा जितका वाढला त्या प्रमाणात. यापुढे त्यांनी वाटणी ३:२ ठरवली. थोरला ५/१० वरून ६/१० वर गेला, धाकटा २/१० वरून ४/१० वर. म्हणून थोरल्याच्या भांडवलातून २ लाख आणि धाकट्याच्या भांडवलातून ४ लाख वळते होतात.

शेवटी एप्रिल ते जून या तीन महिन्यांचा नफा. सरासरी १० लाखांचे तीन महिने अडीच लाख आणि त्यात मधल्याचे ७५ हजार. पण पंखे-कूलरची निम्मी विक्री याच महिन्यांत होत असेल, तर विक्रीच्या प्रमाणात नफा ५ लाख आणि वाटा दीड लाख होतो. हंगामी धंद्यात विक्रीचा आधारच न्याय्य ठरतो. आपल्या करारात महिन्यांचा आधार आहे, म्हणून ७५ हजार धरू. या काळात मधल्याने घरखर्चासाठी उचललेले ६० हजार वजा करू.

बेरीज अशी: १२ लाख, दीड, दीड, ६ लाख आणि ७५ हजार, त्यातून ६० हजार वजा. एकूण २१ लाख १५ हजार. वहिनींपुढे ठेवलेल्या कागदाहून ९ लाख १५ हजार जास्त. असा कागद समोर आला तर त्यात फेरमूल्यांकन, राखीव निधी, गुडविल आणि चालू वर्षाचा नफा या चार ओळी आहेत का, ते आधी पाहावं. त्या नसतील तर ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ अशा मजकुराखाली सही करू नये.

बँकेत ६ लाखच असतील तर हप्ते ठरवावे लागतात. हिशेब न मिटवता उरलेले भागीदार धंदा चालवत राहिले, तर कलम ३७ वारसांना निवड देतं: त्यांच्या पैशाच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा किंवा वार्षिक ६ टक्के व्याज. २१ लाख १५ हजारांवर हे व्याज वर्षाला १ लाख २६ हजार ९०० होतं.

भागीदार निवृत्त होत असेल तरी आकडेमोड हीच, पण एक काम वाढतं. निवृत्तीची जाहीर नोटीस दिली नाही, तर पेढी नंतर जे व्यवहार करील त्यांबद्दल बाहेरचे लोक त्यालाही जबाबदार धरू शकतात. म्हणून निबंधकाकडे कळवणं, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात नोटीस देणं, हे त्याने स्वतः पाहावं. आधीच्या कर्जातून मात्र धनकोच्या संमतीशिवाय सुटका नाही. मृत्यूनंतर अशी नोटीस लागत नाही; पुढच्या व्यवहारांचा भार मृताच्या मालमत्तेवर येत नाही.

काही पेढ्या दरवर्षी ताळेबंदासोबत गुडविलची ठरलेली किंमत एका कागदावर लिहून त्यावर सगळ्या भागीदारांच्या सह्या घेतात. त्या दिवशी कोण आधी निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक जण तो आकडा स्वतःच्या कुटुंबाला मिळणार असं समजूनही तपासतो आणि स्वतःला भरावा लागणार असं समजूनही.