तीन अवस्थांत का भागत नाही?

अमुक काम दहा अवस्थांच्या ऑटोमेटनला जमतं हे सिद्ध करायचं असेल, तर ते ऑटोमेटन कागदावर काढून दाखवलं की झालं. नऊ अवस्थांत ते जमणारच नाही, हे सिद्ध करायला मात्र असं काही काढून दाखवता येत नाही. नऊ अवस्थांची ऑटोमेटन एकेक करून तपासायला बसलं, तर आयुष्य पुरणार नाही. ‘फूलिंग सेट’ ही पद्धत त्यांतलं एकही न उघडता निकाल देते.

ऑटोमेटन शब्दातली अक्षरं एकामागून एक वाचतं आणि दर अक्षराला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातं. शब्द संपताना ते ‘स्वीकार’ अवस्थेत असेल तर शब्द मान्य. मायकेल राबिन आणि डेना स्कॉट यांनी १९५९ साली याला एक मोकळीक दिली. एकाच अक्षरावर अनेक वाटा असू शकतात आणि त्यांतली एक जरी स्वीकारापर्यंत पोचली तरी शब्द मान्य होतो. हेच नॉन-डिटरमिनिस्टिक ऑटोमेटन.

समजा, ० आणि १ यांचे असे शब्द ओळखायचे आहेत, ज्यांत शेवटून तिसरं अक्षर १ आहे. साध्या ऑटोमेटनला शेवटची तीन अक्षरं सतत ध्यानात ठेवावी लागतात, त्यामुळे आठ अवस्था लागतात. मोकळीक मिळालेल्याचं काम चार अवस्थांत होतं. कुठल्या तरी १ पाशी ‘हाच शेवटून तिसरा’ असा अंदाज बांधायचा आणि पुढे दोन अक्षरं मोजायची. पण तीन अवस्थांत का नाही?

१०० हा मान्य शब्द घ्या आणि तो चार प्रकारे तोडा. पहिल्या जोडीत पूर्वार्ध रिकामा आणि उत्तरार्ध १००. दुसरीत १ आणि ००, तिसरीत १० आणि ०, चौथीत १०० आणि रिकामा. प्रत्येक जोडी जुळवली की मान्य शब्द मिळतो, म्हणजे ऑटोमेटनमध्ये त्याची निदान एक यशस्वी वाट आहे. ती वाट पूर्वार्ध संपताना ज्या अवस्थेत असते, ती त्या जोडीपुढे लिहून ठेवू.

आता समजा, दोन जोड्यांपुढे एकच अवस्था आली. तर पहिलीचा पूर्वार्ध वाचून तिथवर यायचं आणि तिथून दुसरीच्या उत्तरार्धाची वाट धरायची, हे शक्य होतं. उलट अदलाबदलही तितकीच शक्य. म्हणजे दोन्ही मिश्र शब्द ऑटोमेटनला मान्य करावेच लागतील. त्यांतला एक जरी भाषेबाहेरचा निघाला, तरी त्या दोन जोड्यांना एक अवस्था चालणार नाही.

पहिली आणि दुसरी जोडी तपासू. १ पुढे १०० लावलं तर ११०० होतं आणि त्यात शेवटून तिसरं १ आहे. ही बाजू फुकट गेली. उलट बाजूला रिकाम्यापुढे ०० येतं. त्यात तीन अक्षरंच नाहीत. एवढं पुरतं. उरलेल्या पाच जोडगोळ्यांतही अशीच निदान एक बाजू फसते. दुसरी-तिसरीत १००० निघतं, त्यात शेवटून तिसरं शून्य आहे. तेव्हा चार जोड्यांना चार वेगळ्या अवस्था हव्यात. इयन ग्लेस्टर आणि जेफ्री शॅलिट यांनी ही पद्धत १९९६ साली मांडली. त्यात दोन्ही बाजू फसाव्यात अशी अट होती. एक बाजू पुरते, हे जाँ-कामी बिर्जे यांनी १९९२ मध्येच वापरलं होतं, आणि आपल्या उदाहरणात त्याचीच गरज पडली.

इतकी सुंदर पद्धत दर वेळी खरा आकडा देते असं मात्र नाही. दोन अंकी शब्द घ्या, ज्यांत दोन्ही अंक वेगळे असावेत: ४७ चालेल, ४४ नाही. एकेका अंकावर तोडलेल्या जोड्यांत फसवायला एकच मार्ग उरतो, मिश्र शब्दात तोच अंक दोनदा यायला हवा. १ आणि २, २ आणि ३, ३ आणि १ या तीन जोड्या एकमेकींना अशाच अडवतात. चौथी जोडी बसतच नाही. कारण एखाद्या जोडीला अडवणाऱ्या दुसऱ्या जोडीने एक तर तिच्या पहिल्या अंकावर संपावं लागतं किंवा तिच्या दुसऱ्या अंकापासून सुरू व्हावं लागतं. एकाच अंकावर संपणाऱ्या दोन जोड्या मात्र एकमेकींना अडवू शकत नाहीत, एकाच अंकापासून सुरू होणाऱ्याही नाहीत. त्यामुळे दोन्हीकडे एकेकीलाच जागा आहे. रिकामा पूर्वार्ध असलेली एक आणि रिकामा उत्तरार्ध असलेली एक धरली, तर एकूण पाच.

प्रत्यक्षात सात अवस्था लागतात. सुरुवात आणि शेवट सोडून मध्ये पाच अवस्था ठेवायच्या आणि प्रत्येक अंकाला त्यांतल्या दोन द्यायच्या. पाचांतून दोन निवडण्याचे प्रकार बरोबर दहा आहेत, म्हणून दहाही अंकांना वेगळी जोडी मिळते. पहिला अंक आपल्या दोन अवस्थांत नेतो, दुसरा अंक फक्त आपल्या नसलेल्या अवस्थांतून शेवटाकडे सोडतो. मधल्या अवस्था चारच असत्या तर काम अडतं. प्रत्येक अंकाचा संच वेगळा हवा आणि एकाचा संच दुसऱ्याच्या पोटात मावता कामा नये, आणि चार अवस्थांतून असे संच जास्तीत जास्त सहाच निघतात.

अंकांऐवजी हजार चिन्हं घेतली तर मध्येच निदान दहा अवस्था लागतात, कारण नऊ अवस्थांचे सगळे मिळून संच ५१२ च होतात. फूलिंग सेट तिथेही पाचच्या पुढे जात नाही.