केळीला खत हप्त्याहप्त्याने का द्यावे?

जळगावच्या केळीला साधारणपणे झाडामागे 200 ग्रॅम नत्र लागते, म्हणजे सुमारे 435 ग्रॅम युरिया. तो दोन-तीन वेळा मुठीने टाकला, तर लहान मुळांना एवढे नत्र एकदम शोषता येत नाही. उरलेल्या युरियाचा काही भाग जमिनीवरच अमोनिया होऊन उडतो. बाकीच्याचे नायट्रेट बनते. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटत नाही, त्यामुळे जास्त पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते.

तोच युरिया ठिबकमधून 44 आठवड्यांत विभागला, तर आठवड्याला सरासरी 10 ग्रॅमच पडतो. सुरुवातीला हप्ता लहान ठेवावा, जोमदार वाढीच्या काळात मोठा करावा. वाया जाण्याइतके नत्र मातीत शिल्लकच राहत नाही.

दिवसातली वेळही महत्त्वाची. ठिबक दीड तास चालणार असेल, तर पहिला अर्धा तास नुसते पाणी, मग खत आणि शेवटची वीस मिनिटे पुन्हा साधे पाणी सोडावे. त्याने नळ्या धुतल्या जातात. त्यानंतरही पाणी चालूच ठेवले, तर विभागलेले खतसुद्धा खाली वाहून जाते. जुनी पाने खालून पिवळी पडू लागली, तर आधी पाण्याचे तास तपासावेत, मगच खत वाढवावे.